लिंक पाठवताना आधी सांगा, मग पाठवा

 

आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये रोज येतो. कोणीतरी व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवते आणि खाली लिहिते, "फार छान वस्तू आहे, नक्की घ्या." त्या लिंकवरून आपण वस्तू घेतली, तर पाठवणारीला काही रुपये कमिशन मिळतं. याला शिफारस लिंक किंवा अ‍ॅफिलिएट लिंक म्हणतात. आता आपल्या गटांतल्या पुष्कळ मुली आणि सुना विचारतात, "ताई, आपल्याले हे करता येईन काय? यात पैसा भेटते काय?"

करता येतं. पैसाही मिळतो, पण थोडा. आणि तो प्रामाणिकपणे मिळवायचा तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. आमच्या गटानं फेसबुक पानावर तीन महिने हे करून पाहिलं. त्याचा हिशेब वहीत आहे, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी लिंक कशी चालते ते पाहू. ऑनलाइन दुकानाच्या शिफारस कार्यक्रमात आपण नाव नोंदवलं की आपल्याला एक ओळख मिळते. आपण कोणत्याही वस्तूची लिंक काढली की ती ओळख त्या लिंकमध्ये बसते. अ‍ॅमेझॉनची पूर्ण लिंक उघडून पाहिली तर तिच्यात `tag=` अशी अक्षरं दिसतात आणि त्यांच्यापुढे पाठवणारीची ओळख असते. कोणी ती लिंक दाबून दुकानात गेलं की दुकानाला कळतं, हे गिऱ्हाईक अमक्या ताईंनी पाठवलं.

पण ही आठवण दुकान कायमची ठेवत नाही. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात साधारण 24 तासांची मुदत असते. बाईनं आज लिंक दाबली, घरी विचारलं आणि चार दिवसांनी सरळ दुकानात जाऊन वस्तू घेतली, तर आपल्या खात्यात काही जमा होत नाही. मध्ये तिनं दुसऱ्या कोणाची लिंक दाबली तर कमिशन त्या दुसरीकडे जातं. आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी घेतलेल्या वस्तूचं कमिशन धरत नाहीत. वस्तू परत गेली तर जमा दिसणारं कमिशन वजा होतं. आणि पैसा लगेच येत नाही. महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी येतो. नवीन खात्यावर पहिल्या 180 दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत, तर ते खातं बंदही होतं. म्हणून "लिंक टाका आणि झोपेत कमवा" असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता आमचा हिशेब. उन्हाळ्यात आमचा गट कुरड्या, पापड आणि सांडगी मिरची करतो. माल पाकिटात भरायला आम्ही हातानं दाबायचं आठ इंची सील मशीन वापरतो. दुसऱ्या गटाच्या बायका आमच्याकडे येऊन विचारायच्या, हे मशीन कोणतं, कुठून आणलं, किती दिवस टिकते. म्हणजे शिफारस आम्ही आधीपासून तोंडी करतच होतो. तीच पानावर लिहायची असं गटात ठरलं. पानाला फॉलोअर 640, आणि त्यातले बहुतेक आपल्याच तालुक्यातले.

एप्रिल महिन्यात आम्ही चार शिफारसी टाकल्या. एक सील मशीनची, दोन वजनकाट्याच्या आणि एक स्टीलच्या डब्यांची. 640 फॉलोअर आहेत म्हणून 640 बायकांनी त्या पाहिल्या असं होत नाही. एकेक शिफारस दोनशेच्या आसपास लोकांना दिसली. चारही मिळून 71 जणांनी लिंक दाबली आणि त्यातून पाच वस्तू विकल्या गेल्या.

त्या पाच वस्तूंचे पैसे असे झाले. मशीनची किंमत 1,298 रुपये होती. कमिशन पूर्ण किमतीवर मिळत नाही, कर वजा करून उरलेल्या रकमेवर मिळतं. कर काढला की 1,100 रुपये राहिले. दर सहा टक्के, म्हणजे एका मशीनमागे 66 रुपये. दोन मशीनचे झाले 132. वजनकाटा 354 रुपयांचा, कर काढून 300, त्यावर 18 रुपये. दोन काट्यांचे 36. डब्यांच्या संचावर 30 रुपये. बेरीज 198 रुपये.

पण दोनपैकी एक मशीन परत गेलं. 66 रुपये वजा झाले आणि हाती राहिले 132. मे महिन्यात 156 रुपये मिळाले. जूनमध्ये पाऊस लागला, वाळवणाचं काम संपलं, मशीन कोणी घेतलं नाही, तेव्हा 42 रुपये. तीन महिन्यांचे मिळून 330. म्हणजे महिन्याला सरासरी 110 रुपये. हे दर आणि किमती त्या वेळच्या आहेत. दर वस्तूच्या प्रकाराप्रमाणे वेगळा असतो आणि दुकान तो बदलतं, म्हणून आपला हिशेब करण्याआधी कार्यक्रमाच्या पानावरचा ताजा तक्ता पाहून घ्या.

आता वेळ पाहा. वस्तू वापरून पाहणे, फोटो काढणे, लिहिणे, बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देणे, यात एप्रिलमध्ये आमचे नऊ तास गेले. 132 रुपयांना नऊनं भागलं तर तासाला पंधरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. याला मजुरी म्हणता येणार नाही. आपल्या पानावर आपलीच सांडगी मिरची दोन-तीन किलो जास्त विकली गेली तर एवढा नफा तिथेच सुटतो. म्हणून आमच्या गटानं ठरवलं, पान आधी आपल्या मालासाठी. शिफारस फक्त त्याच वस्तूची, जी आपण वापरतो आणि जिच्याबद्दल बायका आपणहून विचारतात. मग वेगळी मेहनत फार लागत नाही आणि महिन्याचे शंभर-सव्वाशे रुपये वरचे मिळतात. कोणी हप्त्याच्या भरवशावर हे काम धरू नका.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पैशासाठी इतके नियम कशाला? तर त्याचं कारण आपल्या 640 फॉलोअरमध्येच आहे. शहरातल्या मोठ्या पानाला लाखो अनोळखी लोक पाहतात. आपलं पान पाहणाऱ्या बायका आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या, गटातल्या. वस्तू खराब निघाली तर त्या कंपनीकडे जात नाहीत, आपल्या दारात येतात. आणि बचत गटात आपण एकमेकींच्या शब्दावर कर्ज देतो. 66 रुपयांसाठी तो शब्द खर्च झाला तर तो पुन्हा बचत करून जमवता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पैसे मिळतात हे आधी सांगायचं. हा केवळ मनाचा चांगुलपणा नाही, कायदाही तेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली. तिचा गाभा असा की, शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी काही लाभाचा संबंध असेल तर तो लोकांना स्पष्ट दिसेल असा सांगितला पाहिजे. लाभ म्हणजे फक्त रोख पैसा नव्हे. फुकट मिळालेली वस्तू, भेट, सूट, हेही त्यात आलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या पानावर कोणी उद्या दंड घेऊन येईल असं सांगून आम्ही घाबरवत नाही. पण लहान पान आहे म्हणून लपवलं तरी चालतं, असा समज ठेवू नका.

सांगायचं कसं? आम्ही प्रत्येक शिफारशीच्या अगदी वर ही ओळ लिहितो: "जाहिरात. या लिंकवरून घेतलं तर आमच्या गटाला थोडं कमिशन मिळतं. तुम्हाला किंमत तीच पडते." बस, एवढंच. आपण मराठीत लिहितो तर ही ओळही मराठीतच हवी. इंग्रजीत बारीक अक्षरात कुठेतरी लिहून उपयोग नाही. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात असाल तर त्यांचं स्वतःचं एक वाक्यही पानावर लावावं लागतं, ते नोंदणीच्या नियमांत दिलेलं असतं.

ओळ कुठे लिहितो याला महत्त्व आहे. मजकूर लांब असला की मोबाइल सुरुवातीच्या ओळी दाखवतो आणि बाकीचा झाकतो. "आणखी वाचा" दाबल्यावरच पुढचं दिसतं. आपली ओळ शेवटी असेल तर ती कोणालाच दिसली नाही असं समजा. म्हणून ती पहिलीच हवी. व्हिडिओ असेल तर तोंडानं सांगायचं आणि पडद्यावर अक्षरंही ठेवायची. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी भारतीय जाहिरात मानक परिषद सांगते की पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत ही सूचना निदान तीन सेकंद दिसली पाहिजे. त्याहून मोठा, दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ असेल तर त्याच्या एक तृतीयांश वेळ दिसली पाहिजे.

व्हॉट्सॲपची अडचण वेगळी आहे. तिथे मेसेज पुढे पुढे जातो. ओळ एका मेसेजमध्ये आणि लिंक दुसऱ्या मेसेजमध्ये असेल तर लिंक एकटीच फिरते. म्हणून ओळ, माहिती आणि लिंक एकाच मेसेजमध्ये लिहा. आणि लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायला त्या कार्यक्रमाची परवानगी आहे का, हे नोंदणी करतानाच वाचून घ्या. काही कार्यक्रमांत जे पान नोंदवलं त्याच पानावर लिंक टाकायची अट असते.

एप्रिलमध्ये परत गेलेलं मशीन याच कारणानं गेलं. आमच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की हे मशीन साध्या प्लास्टिकच्या पातळ पाकिटांसाठी आहे. एका ताईंनी त्यातली फक्त लिंक उचलून आपल्या बहिणीला पाठवली. बहिणीचा मसाल्याचा धंदा, पाकिटं आतून चांदीसारखी चमकणारी, जाड. त्या पाकिटाला या लहान मशीनची उष्णता पुरली नाही. तोंड चिकटल्यासारखं दिसे, पण बोटानं ओढलं की उघडे. मशीन खराब नव्हतं, त्या कामाचं नव्हतं. आता आम्ही माहितीत लिहितो, "जाड चंदेरी पाकिटाला चालत नाही." आणि लिंकच्या लगेच वरच लिहितो.

यातून दुसरी गोष्ट येते. वस्तूचे गुण सांगतो तसे तिचे दोष आणि मर्यादा सांगायच्या. कमिशन मिळतं हे सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नाही. सील मशीनबद्दल आम्ही लिहितो की दाबणाऱ्या पट्टीवरचं तपकिरी कापड वापरून वापरून जळतं, मग पाकीट चिकटून फाटायला लागतं. ते कापड आणि आतली तार बदलता येते. म्हणून मशीन घेताना पेटीत जादा कापड आणि तार आहे का ते पाहा. सलग खूप पाकिटं दाबली की पट्टी तापते, मध्ये थोडं थांबावं लागतं. हे वाचून एखादी ताई म्हणेल, मग नको घ्यायला. नको तर नको. जी घेईल ती समजून घेईल आणि परत करणार नाही.

वजनकाट्याचं तर याहून महत्त्वाचं. साडेतीनशे रुपयांचा तो काटा घरात पीठ-मसाला मोजायला चांगला. पण माल विकण्यासाठी तो चालत नाही. वैध मापनशास्त्र कायद्याप्रमाणे विक्रीसाठी वापरायचा काटा तपासलेला आणि मुद्रांकित, म्हणजे सरकारी शिक्का असलेला लागतो. स्वयंपाकघरातल्या स्वस्त काट्याला तो शिक्का नसतो. आपण नुसतं "छान काटा, घ्या" असं लिहिलं आणि एखाद्या गटानं त्यावर बाजारात पापड मोजून विकले, तर अडचणीत तो गट येईल. म्हणून आमची ओळ अशी आहे, "कृतीचं प्रमाण मोजायला घ्या. विक्रीसाठी शिक्क्याचा काटा वेगळा घ्या." या ओळीमुळे दोन-चार काटे कमी गेले असतील. जाऊ द्या.

आणि स्वस्त कुठे मिळतं तेही सांगायचं. तसंच मशीन नागपूरला इतवारीत कमी पैशात मिळत असेल तर तसं लिहा. लोकमान्य नगरला मेट्रोत बसलं की सीताबर्डी, तिथून इतवारी, आपल्याला काही लांब नाही. दुकानात हातात घेऊन पाहता येतं, बिघडलं तर परत नेता येतं. तिथे आपल्याला कमिशन नाही, हे खरं. पण ज्या बाईला तुम्ही इतवारीला पाठवलं, ती पुढच्या वेळी तुमची लिंक न घाबरता उघडते.

काही वस्तूंची शिफारस आम्ही करतच नाही. रंग गोरा करणारी मलमं, वजन उतरवणारी चूर्णं, साखर बरी करणारी औषधं, आणि मोबाइलवरून कर्ज देणारी अ‍ॅप. कर्जाच्या आणि खाते उघडण्याच्या शिफारशीला एका माणसामागे शेकडो रुपये देतात, म्हणून मोह होतो. पण जास्त पैसा का देतात याचा विचार करा. काटा वाईट निघाला तर साडेतीनशे रुपये जातात. कर्ज वाईट निघालं तर घर जातं.

आणि एक खूण लक्षात ठेवा. खऱ्या शिफारस कार्यक्रमात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. "आधी दोन हजार भरा, मग चार बायका जोडा, त्यांनी जोडलेल्या बायकांचेही पैसे तुम्हाला" असं कोणी म्हणालं तर ती शिफारस नाही, साखळी आहे. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर 1978 पासून कायद्यानं बंदी आहे.

आता शेवटची गोष्ट. ही आम्हा समन्वयकांना, सीआरपी ताईंना, गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांना जास्त लागू आहे. कर्जाचा अर्ज आमच्या हातून पुढे जातो. हप्ता चुकला तर आम्हीच घरी जातो. मग आम्ही गटाच्या ग्रुपवर लिंक टाकली तर एखाद्या बाईला वाटू शकतं, ताईंनी पाठवलं, नाही घेतलं तर ताई रागावतील, पुढच्या वेळी कर्जात मागे ठेवतील. आपल्या मनात तसं नसलं तरी तिच्या मनात भीती असू शकते, आणि ती बोलून दाखवणार नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे. बैठकीत लिंक नाही. बचतीच्या ग्रुपवर लिंक नाही. कोणी घेतलं, कोणी नाही, हे विचारायचं नाही. शिफारस फक्त पानावर, जिथे ज्याला पाहायचं तो पाहील.

पैसा कोणाचा हेही आधी ठरवा. आमचं खातं एका ताईच्या पॅनवर आहे, म्हणून कमिशन तिच्या बँक खात्यात येतं. पण पान गटाचं, फोटोत दिसणारं मशीन गटाचं आणि मेहनत चौघींची. म्हणून आम्ही बैठकीत ठराव केला आणि तो इतिवृत्तात लिहिला. कमिशन आलं की त्या ताई पावतीसह गटाच्या खात्यात भरतात, आणि पुढच्या बैठकीत रक्कम वाचून दाखवतात. 132 रुपये असले तरी वाचून दाखवतात. तुमच्या गटात एकटीच सगळं काम करत असेल तर पैसा तिचाच असू द्या, पण तेही ठरावात लिहा. रक्कम लहान आहे तोवर हे ठरवणं सोपं जातं.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी आज नोंदणीची घाई करू नका. या आठवड्यात फक्त एवढं करा. गटात रोज वापरात असलेली एक वस्तू घ्या. तिचे तीन गुण, दोन दोष, ती कोणाच्या कामाची नाही, आणि जवळच्या बाजारात तिचा भाव किती, हे एका कागदावर लिहा. कागदाच्या पहिल्या ओळीत लिहा, "जाहिरात. आम्हाला कमिशन मिळतं." मग तो कागद आपल्या गटातल्या सगळ्यांत चौकस बाईला वाचायला द्या. प्रत्येक गटात अशी एक असतेच. तिनं वाचून म्हटलं, "हं, हे बराबर लिहिलं," की मग लिंक काढा.